मिक्सर घेण्यापूर्वी व्हिडिओंची उलटतपासणी

मिक्सर घ्यायचा ठरला की हल्ली बहुतेक घरांत आधी फोन हातात घेतला जातो. एका व्हिडिओत एक मॉडेल ‘बेस्ट’ ठरतं, दुसऱ्यात तेच ‘पैसे पाण्यात’, आणि तिसऱ्यात दोघांनी नाव न घेतलेलं भलतंच मॉडेल पहिल्या क्रमांकावर असतं. दोन-तीन रात्री असे व्हिडिओ पाहून झाले की डोक्यात वॅटचे आकडे, भांड्यांची संख्या आणि कुणाच्या तरी जळलेल्या मोटरची आठवण एवढंच उरतं. मग कंटाळून माणूस ओळखीच्या दुकानात जातो आणि दुकानदार पुढे करेल तो मिक्सर उचलून आणतो.

खरं तर या व्हिडिओंमध्ये माहिती भरपूर असते. पूर्वी मिक्सर घेताना शेजारच्या दोन-चार घरांचा अनुभव विचारता यायचा, आज शेकडो स्वयंपाकघरांत डोकावता येतं. पण ही माहिती नुसती पाहून हाती लागत नाही. ती नोंदवावी लागते, चाळावी लागते आणि मग मोजावी लागते. मोजताना एक गोष्ट पक्की धरायची : प्रत्येक व्हिडिओ म्हणजे एक साक्षीदार. त्याने काय सांगितलं याआधी, त्याने स्वतः काय पाहिलं आणि किती दिवस पाहिलं, हे विचारायचं.

आधी आपल्या घरचं वाटण लिहा

उदाहरण म्हणून डोंबिवलीतलं चौघांचं घर घेऊ. रोज थोडीशी ओल्या खोबऱ्याची नाहीतर कोथिंबिरीची चटणी, दोन दिवसांआड आलं-लसूण, आठवड्याला शेंगदाण्याचा कूट आणि रविवारी इडलीसाठी भिजवलेली उडदाची डाळ. ज्यूस क्वचितच. बजेट चार-पाच हजारांचं आणि डोळ्यांसमोर ७५० वॅटचे तीन मिक्सर. त्यांना क, ख आणि ग म्हणू.

ही यादी व्हिडिओ पाहण्यापूर्वी लिहायला हवी, कारण तुलनेच्या तक्त्याचे रकाने तिच्यातूनच निघतात. रोजची चटणी थोडी असते, म्हणून पहिला रकाना चटणीच्या भांड्याचा : पाव वाटी खोबरं नीट वाटलं जातं, की पात्याच्या वर उडून कडेला चिकटून बसतं? दुसरा रकाना ओल्या डाळीचा. तिसरा कुटाचा, कारण काही मिक्सर शेंगदाण्याचा कूट करता करता तेल सोडवतात. पुढचे रकाने भांडी धुणं, झाकणाची पकड, ओट्यावर लागणारी जागा, वॉरंटी आणि आपल्या गावातली दुरुस्तीची सोय यांचे. ज्यूसरच्या भांड्याला रकानाच नाही, म्हणून कुणी त्याचं कितीही कौतुक केलं तरी या घराने ते कानाआड करायचं.

आपल्या वाटणाचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तो घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही म्हणून. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुका मसाला हे मोटरवर फळांच्या रसापेक्षा कितीतरी जड काम टाकतात. म्हणून परदेशातल्या स्वयंपाकघरात केलेली स्मूदीची चाचणी आपल्या तक्त्यात जवळजवळ बिनकामाची आहे, मग ती कितीही देखणी असो.

कोण कशाची साक्ष देऊ शकतो

मिक्सरचे व्हिडिओ ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. व्हिडिओ कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्या दोन मिनिटांत ओळखता आलं, तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

पहिला प्रकार खोकं उघडण्याचा. यातून भांडी किती आणि केवढी, वायर किती लांब, झाकणाला क्लिप आहे की नुसती रबरी कड, पातं स्टीलचं किती जाड दिसतं, हे सगळं डोळ्यांनी कळतं. मिक्सर किती टिकेल याबद्दल मात्र या माणसाचं मत शून्य धरायचं, कारण त्याच्याकडे तो अजून एक दिवसही राहिलेला नाही. ‘शंभर टक्के तांब्याची मोटर’ हे वाक्य या व्हिडिओंत हमखास येतं. वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, हे खोकं उघडून दिसत नाही, ते मोटर उघडल्यावरच दिसतं. म्हणजे तो माणूस खोक्यावरचं वाचून दाखवत असतो.

दुसरा प्रकार ‘टॉप ५’ यादीचा. यात बहुतेकदा कंपनीचीच छायाचित्रं आणि विक्रीच्या पानावरची वाक्यं असतात आणि मागून एक आवाज ती वाचत असतो. पडद्यावर बोलणाऱ्याचा हात त्या मिक्सरला एकदाही लागलेला दिसत नसेल, तर त्याला साक्षीदार मानायचं कारण नाही. मॉडेलांची नावं कळण्यापुरता तो उपयोगी.

तिसरा प्रकार वापरून सांगणाऱ्यांचा. ‘एक वर्षानंतर’, ‘दोन वर्षांनी पुन्हा’ असे हे व्हिडिओ असतात, संख्येने थोडे आणि दिसायला साधे. भांड्याच्या तळातून पाणी गळणं, कपलर झिजणं, झाकणाची रबर सैल होणं ही दुखणी इथेच कळतात. तक्त्यातली सगळ्यात मोलाची नोंद इथून येते.

चौथा प्रकार दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा. ते मोटर खोलून दाखवतात, कार्बन ब्रश बदलतात, भांड्याचं बुश ठोकून बाहेर काढतात. बिघाड कसा होतो आणि सुटा भाग बाजारात मिळतो की नाही, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. पण एक ध्यानात ठेवायचं : त्यांच्या टेबलावर फक्त बिघडलेले मिक्सर येतात, आणि जो सगळ्यांत जास्त विकला जातो तोच सगळ्यांत जास्त येतो. ‘माझ्याकडे अमुक कंपनीचेच येतात’ एवढ्यावरून ती कंपनी वाईट ठरत नाही.

यातला कोणता साक्षीदार पैसे घेऊन बोलतो आहे, हेही पाहायला हवं. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी नियम आणले. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, कमिशन यांपैकी काहीही मिळत असेल तर ते प्रेक्षकाला सहज दिसेल असं सांगायचं, हा त्यांचा सारांश. दिशाभूल केली तर पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यूट्यूबवर सशुल्क जाहिरातीची छोटी पट्टी व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद दिसते, म्हणून सुरुवात पुढे ढकलून पाहू नये. खालच्या वर्णनात खरेदीच्या लिंक असतील, तर त्यांतून कमिशन मिळत असण्याची शक्यता धरावी. असा व्हिडिओ टाकून द्यायची मात्र गरज नाही. त्यातली मापं आणि प्रत्यक्ष दाखवलेली चाचणी तक्त्यात घ्यायची. फक्त ‘त्याने तक्रार सांगितली नाही’ याचा अर्थ ‘तक्रार नाही’ असा कधीच लावायचा नाही.

नोंद कशी करायची

वहीत किंवा फोनमधल्या स्प्रेडशीटवर एका दाव्याला एक ओळ द्यायची. ओळीत मॉडेलचा पूर्ण क्रमांक, कोणता व्हिडिओ, कितव्या मिनिटाला, काय म्हटलं, ते दाखवलं की नुसतं सांगितलं, आणि बोलणाऱ्याने मिक्सर किती काळ वापरलाय, एवढं पुरे. उदाहरणार्थ : ‘मिक्सर क, वर्षभर वापर, ६ मिनिटं ४० सेकंद, चटणीच्या भांड्याचं झाकण गळतं, दाखवलं.’

मिनिट लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण नंतर दोन नोंदींत विरोध दिसला की तिथेच परत जाऊन पाहता येतं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक तर सोडूच नये. एकाच नावाच्या मिक्सरच्या दोन-तीन आवृत्त्या बाजारात असतात. शेवटी एखादं अक्षर जोडलं जातं आणि आत भांड्याचं कुलूप, कपलर किंवा पातं बदललेलं असतं. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली तक्रार आजच्या आवृत्तीला लागू असेलच असं नाही.

लांबलचक व्हिडिओ पूर्ण पाहण्याची गरज नसते. संगणकावर व्हिडिओच्या वर्णनात ‘Show transcript’ मिळालं तर बोलण्याचा मजकूर समोर येतो आणि त्यात कपलर, आवाज, वास, गळती असे शब्द शोधता येतात. हा मजकूर आपोआप तयार झालेला असेल तर शब्द आणि आकडे चुकतात, म्हणून सापडलेली जागा कानांनी ऐकूनच ओळ लिहायची. शब्द शोधताना बोलणाऱ्याच्या भाषेचाही विचार ठेवायचा. हिंदी व्हिडिओत गळतीला ‘लीकेज’ म्हटलेलं असेल, मराठीत ‘पाझरतंय’ किंवा नुसतं ‘खाली काळं पाणी येतं’.

मूळ व्हिडिओइतकंच खालचे अभिप्राय वाचण्यासारखे असतात, पण ते ‘Newest first’ लावून वाचायचे. वर आपोआप येणारे अभिप्राय बहुधा पहिल्या आठवड्यातले, कौतुकाचे असतात. दोन वर्षं जुन्या व्हिडिओखाली गेल्या महिन्यात कुणी लिहिलेलं असतं, ‘हाच घेतला होता, दीड वर्षाने चटणीचं भांडं बदलावं लागलं.’ वापराचा काळ आणि बिघाड दोन्ही सांगणारं असं एक वाक्य दहा ‘छान आहे’पेक्षा जास्त सांगतं. चॅनेलवाल्याला अभिप्राय काढून टाकता येतात, हेही ध्यानात असू द्यावं.

वैशिष्ट्यांच्या रकान्यांत अंतिम शब्द व्हिडिओचा नाही, कंपनीच्या माहितीपुस्तिकेचा. पुस्तिका बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यात मिक्सर सलग किती वेळ चालवायचा, हे लिहिलेलं असतं. घरगुती मिक्सरला साधारणपणे पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं विश्रांती, अशी मर्यादा असते. व्हिडिओत याचा उल्लेख क्वचित येतो, पण निम्म्या तक्रारींचा अर्थ लावायला हाच आकडा लागतो. वॉरंटीही तिथेच वाचायची. ‘मोटरला पाच वर्षं’ हे मोठ्या अक्षरांत असतं, आणि कपलर, पातं, भांडं, ब्रश असे झिजणारे भाग बहुतेकदा त्यातून वगळलेले असतात.

चाचणी पाहताना नजर कुठे ठेवावी

डाळ वाटण्याची चाचणी घेऊ. पडद्यावर भिजवलेली डाळ भांड्यात जाते, झाकण लागतं, मिक्सर फिरतो आणि पुढच्या क्षणी लोण्यासारखं पीठ दिसतं. इथे थांबून चार गोष्टी विचाराव्यात. डाळ किती होती आणि भांडं कितपत भरलं होतं? पाणी किती घातलं? मध्ये झाकण उघडून चमच्याने खाली-वर केलं का, की तो भाग कापून टाकलाय? शेवटी पीठ बोटांत चोळून किंवा चमच्यावरून सोडून दाखवलं का, की लांबूनच ‘मस्त’ म्हटलं?

सलग, न कापलेली चाचणी असेल तर तिची ओळ अशी होते : ‘मिक्सर ख, एक वाटी डाळ, पाऊण वाटी पाणी, दोनदा थांबून खाली-वर केलं, पीठ मऊ, भांडं हाताला गरम.’ मध्ये कापलेली असेल तर ‘दाखवलं’ऐवजी ‘सांगितलं’ लिहायचं. पीठ गरम झालं का, हे इडलीसाठी महत्त्वाचं असतं, आणि ते ज्याने भांड्याला हात लावला त्यालाच माहीत असतं. तो बोलला नसेल तर रकाना मोकळा ठेवायचा. मोकळा रकाना अंदाजाने भरला की तक्त्याचा उपयोग संपतो.

आवाजाच्या बाबतीत तर व्हिडिओवर विसंबूच नये. मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, त्यामुळे आवाज सगळ्यांचाच मोठा असतो. फोन ध्वनिमुद्रण करताना मोठा आवाज आपोआप दाबतो आणि हळू आवाज वाढवतो. एकाचं स्वयंपाकघर टाइल्सचं, दुसऱ्याचा फोन हातभर अंतरावर, तिसऱ्याचा खोलीच्या टोकाला. अशा दोन व्हिडिओंमधले आवाज शेजारी ठेवून काहीच कळत नाही. एकाच माणसाने एकाच ओट्यावर, फोन एकाच जागी ठेवून दोन मिक्सर चालवले असतील, तेवढीच तुलना धरायची.

एका तक्रारीची अनेक नावं

तक्रारी एकत्र करताना गोंधळ होतो तो शब्दांमुळे. ‘मिक्सर बंद पडला’, ‘मोटर गेली’, ‘जळाला’, ‘फिरतच नाही’ ही वाक्यं एकसारखी वाटतात, पण त्यांमागची कारणं वेगवेगळी असतात. उलट ‘खाली काळं पाणी येतं’ आणि ‘चटणीला तेलकट वास लागतो’ या दोन तक्रारी बऱ्याचदा एकाच बिघाडाच्या निघतात. म्हणून तक्रार लिहिताना बोलणाऱ्याचं निदान बाजूला ठेवायचं आणि नेमकं काय दिसलं, ऐकू आलं, वास कसला आला, ते लिहायचं. मग त्यावरून कारणाकडे जायचं.

नव्या मिक्सरला पहिल्या काही वापरांत जळका वास येतो. मोटरच्या वाइंडिंगवरचं वॉर्निश पहिल्यांदा तापतं, त्याचा तो वास असतो आणि थोड्या दिवसांत जातो. बऱ्याच पुस्तिकांत हे लिहिलेलंही असतं. खोकं उघडल्याच्या आठवड्यात लिहिलेली वासाची तक्रार म्हणून मोजणीत धरायची नाही. धूर निघाला किंवा महिन्यांनंतरही वास राहिला, तर मात्र ती खरी.

वाटताना मिक्सर एकदम थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही, तर बऱ्याचदा तो ‘ट्रिप’ झालेला असतो. मोटरवर ताण वाढला की आतलं संरक्षण वीज तोडतं. बटण बंद करून, काही मिनिटं थांबून तळाचं छोटं, बहुधा लाल बटण दाबलं की तो पुन्हा चालतो. पुष्कळ लोकांना हे बटण माहीत नसतं आणि ते ‘दोन महिन्यांत बंद पडला’ असं लिहून मोकळे होतात. अशा तक्रारीत भांडं किती भरलं होतं, पाणी किती होतं, हे शोधायचं. गच्च भरलेल्या भांड्यात घट्ट डाळ असेल तर दोष वापराचा. अर्ध्या भांड्यातल्या पातळ वाटणालाही तो वारंवार थांबत असेल, तर दोष मिक्सरचा.

मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तेव्हा संशय कपलरवर. मोटर आणि भांडं यांना जोडणारा हा रबराचा किंवा नायलॉनचा दातेरी तुकडा. पातं अडकलं तर मोटरऐवजी तो तुटावा, हे बरंच. भांडं नीट न बसवता चालू केलं तरी त्याचे दाते उडतात. दीड-दोन वर्षांनी तो बदलावा लागणं ही झीज आहे. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांचे कपलर तीन-चार महिन्यांत जात असतील, तर तो त्या मॉडेलचा दोष मानायला हवा.

सगळ्यांत गंभीर तक्रार भांड्याच्या तळाची. पात्याचा दांडा ज्या बुशमधून जातो ते झिजलं किंवा तिथलं वॉशर गेलं की पाणी खाली झिरपतं, आणि तिथला काळा तेलकट मळ वर अन्नातही येऊ शकतो. असं भांडं दुरुस्त होईपर्यंत वापरायचं नाही. त्यामुळे ही तक्रार मोजक्या लोकांनी सांगितली तरी तिला कपलरच्या तक्रारीपेक्षा जास्त वजन द्यावं लागतं. झाकणातून गळणं वेगळं. ते बहुधा रबर नीट न बसल्यामुळे किंवा खुणेच्या वर भरल्यामुळे होतं.

हवेच्या जाळीतून बारीक ठिणग्या दिसतात म्हणूनही लोक घाबरून लिहितात. या मोटरमध्ये कार्बन ब्रश फिरत्या भागाला घासत असतात, त्यामुळे थोडी ठिणगी असतेच. ती मोठी झाली, सोबत वास आला आणि वेग कमी पडला, तर ब्रश झिजलेत असं समजायचं. ब्रश बदलता येतात.

अशी चाळण लावली की तक्रारींचे चार ढीग होतात : चुकीच्या वापराच्या, सगळ्याच मिक्सरना लागू असणाऱ्या, पोचवताना झालेल्या मोडतोडीच्या आणि त्या मॉडेलच्या स्वतःच्या. तुलनेत फक्त चौथा ढीग धरायचा. सर्व्हिसच्या तक्रारी वेगळ्या कागदावर, गावाच्या नावासह लिहायच्या. नागपूरला मेकॅनिक आठ दिवसांनी आला, याचा डोंबिवलीशी संबंध नसतो.

मोजणीत काय बदलतं

आता आपल्या तीन मिक्सरची मोजणी करू. इथले आकडे पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून घेतलेले आहेत.

समजा सगळे व्हिडिओ आणि अभिप्राय धुंडाळल्यावर क बद्दल ३१ तक्रारी निघाल्या, ख बद्दल ६ आणि ग बद्दल ९. एवढ्यावर थांबलो तर क लगेच बाद होतो. पण क चार वर्षं बाजारात आहे आणि भरपूर खपलाय. ख नुकताच आलाय, त्याबद्दल बोलणारेच कमी. म्हणून पुढचा प्रश्न : यांतले किती जण सहा महिन्यांहून जास्त वापरलेले, मॉडेलचा क्रमांक नेमका सांगणारे आणि एकमेकांची नक्कल न करणारे आहेत? एकाच माणसाने तीन व्हिडिओंखाली तोच मजकूर चिकटवला असेल तर तो एकच धरायचा. समजा असे साक्षीदार क चे २०, ख चे ५ आणि ग चे ८ उरले.

यांच्या तोंडून कपलरची तक्रार क बद्दल ६ जणांनी केली, बहुतेकांनी दीड वर्षानंतर. ग बद्दल ३ जणांनी, तिघांनीही चार महिन्यांच्या आत. ख बद्दल कुणीच नाही. तळातून गळण्याची तक्रार क बद्दल एकाने, ख बद्दल दोघांनी, तीही वर्ष व्हायच्या आत. ग बद्दल कुणीच नाही. क च्या उरलेल्या तक्रारींत सात ट्रिपिंगच्या होत्या आणि त्यांतल्या पाच गच्च भरलेल्या डाळीच्या निघाल्या. बाकी बऱ्याचशा पहिल्या आठवड्यातल्या वासाच्या आणि आवाजाच्या.

चित्र आता उलटं दिसतं. क ची मुख्य तक्रार झिजेची आहे, उशिरा येणारी आहे आणि सुटा भाग बदलून मिटणारी आहे. ग चा कपलर फार लवकर जातो. ख ची गळती गंभीर आहे, पण पाच जणांपैकी दोघं हा आकडा निकाल द्यायला फार लहान आहे. तक्त्यात ख समोर ‘दोषी’ न लिहिता ‘शंका’ लिहायचं, आणि ती शंका एखाद्या कारागिराच्या व्हिडिओत किंवा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे भांडं दाखवून फेडून घ्यायची.

एक सावधगिरी इथे फार गरजेची आहे. क च्या वीसपैकी सहा जणांचा कपलर गेला, म्हणजे बाजारातल्या शंभरातल्या तीस मिक्सरचा जातो, असं मुळीच नाही. ज्याचा मिक्सर सुरळीत चालतो तो सहसा काही लिहायला येत नाही. त्यामुळे हे आकडे एकाला दुसऱ्याशेजारी ठेवून पाहण्यापुरतेच आहेत. एकट्या मिक्सरबद्दल ‘इतके टक्के बिघडतात’ असं त्यांतून सांगता येत नाही.

व्हिडिओ पाहणं कुठे थांबवायचं, यालाही खूण आहे. लागोपाठ तीन-चार नवे व्हिडिओ पाहिले आणि तक्त्यात एकही नवी ओळ पडली नाही, की थांबावं. त्यापुढे आपण माहिती गोळा करत नसतो, आधीच आवडलेल्या मॉडेलला पाठिंबा शोधत असतो.

शेवटचे दोन फोन

तक्ता भरला तरी एक रकाना व्हिडिओंतून भरता येत नाही : आपल्या पिनकोडमध्ये काय होईल. त्यासाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून साधे प्रश्न विचारावेत. या क्रमांकाच्या मॉडेलचा कपलर तुमच्याकडे आत्ता आहे का, केवढ्याला? चटणीचं भांडं सुटं मिळतं का? माणूस घरी येतो, की मिक्सर आणून द्यावा लागतो? दुसरा फोन जवळच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाला. बाहेरचा कपलर आणि बुश याला बसतात का, एवढंच विचारायचं.

समजा क चा कपलर दोन्हीकडे सहज मिळतो आणि ख चं चटणीचं भांडं मागवावं लागतं. मग डोंबिवलीच्या घराचा निर्णय सरळ होतो. रोज चटणी वाटणाऱ्या घराला भांड्याच्या गळतीचा धोका नको, दीड वर्षाने कपलर बदलायला लागला तर चालेल. म्हणून क. हाच तक्ता चटणी क्वचित आणि कूट रोज करणाऱ्या घरापुढे ठेवला तर कदाचित वेगळं उत्तर येईल, कारण त्यांचे रकानेच वेगळे असतील.

मिक्सर घरी आल्यावर खोक्यावरचा मॉडेल क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावं, वर आयएसआय चिन्ह आहे का ते तपासावं आणि बिल जपून ठेवावं. पुढे कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, तेव्हाही हेच दोन कागद लागतात.

आणि वर्षभराने, ज्या व्हिडिओने उपयोग झाला त्याखाली चार ओळी लिहाव्यात : मॉडेलचा पूर्ण क्रमांक, किती महिने वापरला, रोज काय वाटतो, काय बिघडलं किंवा बिघडलं नाही. तुलना करणाऱ्याला सगळ्यांत जास्त तुटवडा भासतो तो सुरळीत चाललेल्या मिक्सरच्या साक्षीचा. ‘चौदा महिने, रोज ओलं खोबरं, रविवारी डाळ, कपलर अजून मूळचा’ एवढं एक वाक्य मिळालं, तरी पुढच्या घराच्या मोजणीतली एक मोकळी जागा भरते.